माहिती अपुरी म्हणून परत विचारावं लागलेली तिकिटं मोजायची कशी?

नवीन_लीड: बिलिंग सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघतो. साहेबांना आकडा हवाय, माहिती अपुरी म्हणून किती तिकिटांत कस्टमरला परत विचारावं लागतं. जिरात `Waiting for customer` ला एकदा तरी गेलेली तिकिटं मोजली तर आठवड्यात 120 पैकी 54 निघाली, म्हणजे 45 टक्के. फॉर्मचे सगळे रकाने कंपल्सरी करून टाकू का?

हिशेबनीस: 45 साहेबांना सांगू नका एवढ्यात. ते स्टेटस "फिक्स दिलाय, चेक करून कळवा" म्हणतानाही लावतात आणि त्यात एसएलएचं घड्याळ थांबत असेल तर पोरं उगाचच लावतात, आम्हीही लावायचो. 54 च्या 54 उघडून पहिला रिप्लाय वाचा. उरलेली 66 पण चाळा, फोन करून विचारलेलं स्टेटसमध्ये दिसत नाही.

रात्रपाळी: एवढं वाचत कोण बसणार? कंपल्सरी करा, विषय संपला. व्हर्जन नंबर नाही तर तिकीटच घ्यायचं नाही.

हिशेबनीस: केलं होतं आम्ही. व्हर्जनच्या रकान्यात लोकांनी टिंब टाकलं, "NA" टाकलं, एकाने तर "लेटेस्ट". रकाना 100 टक्के भरलेला आणि प्रश्न विचारणं तेवढंच.

कोथरूडकर: माझ्या ब्रॉडबँडवाल्यांना तीनदा कस्टमर आयडी दिला तरी चौथा माणूस परत तेच विचारतो, ते मोजा आधी!!

रात्रपाळी: काका, इथे सपोर्टवाल्यांचं चाललंय 🙂

नवीन_लीड: वाचली सगळी, दीड दिवस गेला. 54 पैकी 19 नुसती "चेक करून कळवा" वाली. राहिली 35, त्यातल्या 9 मध्ये इनव्हॉइस नंबर स्क्रीनशॉटमध्येच होता, आमच्या पोरांनी बघितलाच नाही (काका, तुमचंच दुखणं). म्हणजे खरी 26, आणि फोनवर विचारलेली 6 सापडली. 120 पैकी 32, साधारण 27 टक्के. त्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी एकच गोष्ट नव्हती, कुठल्या शाखेचं बिल.

हिशेबनीस: मग शाखा लॉगिनवरूनच उचला की, कस्टमरला विचारताच कशाला?

रात्रपाळी: पण ती 9 का काढली? कस्टमरला प्रश्न गेलाच ना, त्याचा दिवस फुकट गेलाच. मी तर 41 धरेन.

हिशेबनीस: फॉर्म सुधारायचाय तर त्या 9 चा काय उपयोग, फॉर्म कितीही बदला ती तशीच राहणार. वेगळी मोजा.

रात्रपाळी: वेगळी मोजली की साहेबांच्या स्लाइडवर ती दिसतच नाहीत, हा अनुभव आहे.

नवीन_लीड: एकाच लॉगिनवर चार शाखा असलेले कस्टमर आहेत आमच्याकडे, तिथे काय करायचं ते अजून कळत नाहीये. तोवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी देतो.