सहा महिन्यांचं भाडं एकदम, पण महिन्याला तीन हजार कमी

सुलभाताई (बी ३०४): नमस्कार सगळ्यांना. ए विंगमधला माझा २ बीएचके महिनाभर रिकामा आहे. मागचा भाडेकरू २८ हजार देत होता. आज एजंट म्हणाला, एक मुलगा सहा महिन्यांचं भाडं एकरकमी भरायला तयार आहे, फक्त महिना २५ हजार धरा. म्हणजे दीड लाख एकदम हातात. काय करावं? मला तर बरं वाटतंय, दर महिन्याला फोन करत बसायला नको.

मिलिंद सेक्रेटरी: ताई, द्यायचा तर लवकर ठरवा. रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स भरताय ते वेगळंच.

अरविंदकाका (ए १०२): थांबा जरा. सुलभाताई, ए विंगमध्ये भाडं महिन्याच्या सुरुवातीलाच घेतात ना?

सुलभाताई: हो, पाच तारखेच्या आत.

अरविंदकाका: मग पहिल्या महिन्याचे पैसे तुम्हाला तसेही आत्ताच मिळणार होते. दुसऱ्याचे एक महिना आधी मिळतायत, तिसऱ्याचे दोन महिने, असं करत सहाव्याचे पाच महिने आधी. १+२+३+४+५ = १५. म्हणजे २८ हजारांवर १५ महिन्यांचं व्याज, एवढाच तुमचा फायदा. एफडीला ७ टक्के धरले तर २८ हजारांवर महिन्याला १६३ रुपये पडतात. गुणिले १५, साधारण २,४५० रुपये.

आणि तो सूट किती मागतोय? ३,००० गुणिले ६, म्हणजे १८,०००.

प्रणव (सी ५०१): 😳

अरविंदकाका: त्याच्या बाजूने बघा. आज तो पहिल्या महिन्याचे २८ भरणारच होता. त्याच्या वर १ लाख २२ हजार जास्तीचे देतोय आणि पुढच्या पाच महिन्यांत त्याचे २८-२८ करून १ लाख ४० हजार वाचतायत. महिन्याला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास व्याज झालं. सावकारसुद्धा एवढं मागताना जरा इकडेतिकडे बघेल.

सुलभाताई: अरे देवा. मी दीड लाखाच्या आकड्यालाच भुलले.

मिलिंद सेक्रेटरी: पण काका, फ्लॅट रिकामा राहिला तर महिन्याचे २८ हजार जातातच की.

अरविंदकाका: बरोबर. दुसरं कोणीच विचारत नसेल तर घासाघीस करावीच लागेल. पण ती सूट फ्लॅट लवकर जावा म्हणून. आगाऊ पैशांचं मोल वेगळं. दोन्ही एकत्र झालं की एजंटचं फावतं.

प्रणव: काकू, करार ११ महिन्यांचा असेल ना? मग उरलेले पाच महिने किती भाडं? तेव्हा तर आगाऊ काहीच नाही.

सुलभाताई: थांब, विचारते एजंटला.

वर्षावहिनी (बी ६०२): मध्येच विचारते, माफ करा. बी विंगला आज पाणी किती वाजता बंद?

मिलिंद सेक्रेटरी: ११ ते २, वहिनी. टाकी धुताहेत.

सुलभाताई: विचारलं. म्हणतो पूर्ण ११ महिने २५ हजारच. आणि एवढे पैसे आधी देतोय तर डिपॉझिट कशाला, असं त्या मुलाचं म्हणणं आहे.

प्रणव: म्हणजे सूट १८ नाही, ३३ हजारांची!

अरविंदकाका: आणि डिपॉझिटचा मुद्दा त्याहून मोठा. आगाऊ भाडं म्हणजे डिपॉझिट नव्हे, ताई. आगाऊ भाडं दर महिन्याला आपोआप संपत जातं. सहा महिने झाले की तुमच्याकडे त्याचा एक रुपया शिल्लक नाही आणि तो घरात आहे. सातव्या महिन्याचं भाडं आलं नाही, बेसिन फोडलं, विजेचं बिल थकवून गेला, तर कशातून वळतं करणार?

संतोष (दुकान नं. ४, करार-नोंदणी): ताई, काकांचं बरोबर आहे. माझ्याकडे असे करार येतात. डिपॉझिट वेगळं, आगाऊ भाडं वेगळं, दोन्हीची वेगळी कलमं लिहायची. पैसे बँकेतून घ्या, यूटीआर नंबर करारात टाकतो. आणि रक्कम कमी लिहू नका. एजंट म्हणेल की करारात २५ लिहिलं तर स्टॅम्प ड्यूटी वाचते. ड्यूटी एकूण भाड्याच्या पाव टक्का. ३३ हजारांवर वाचणार जेमतेम ८० रुपये.

सुलभाताई: तो खरंच असं म्हणाला होता!

संतोष: 😄 त्यापायी दोन ठिकाणी अडचण. पुढच्या वर्षी १० टक्के वाढवलंत तर २५ चे साडेसत्तावीस होतात, म्हणजे आजच्या भाड्यापेक्षाही कमी. दुसरं, मुदत संपूनही घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम मागता येते, तीही करारातल्या आकड्याच्या दुप्पट. म्हणून करारात २८ लिहायचं. सूट द्यायचीच असेल तर ‘एकरकमी भरल्याबद्दल पहिल्या सहा महिन्यांपुरती’ असं वेगळं वाक्य.

नेहा (ए ४०३, भाड्याने): मी भाडेकरू म्हणून बोलू का? त्या मुलाची बाजूही बघा. माझ्या आधीच्या घरात मी चार महिन्यांचे पैसे आधी दिले होते. तिसऱ्याच महिन्यात बदली झाली. मालक म्हणाले, परत द्यायचं कुठे ठरलं होतं? शेवटी राहिले पैसे तिथेच. त्यामुळे मध्येच सोडलं तर काय, हे लिहिलेलं असलं तर तो डिपॉझिटला कदाचित तयार होईल.

संतोष: एक महिन्याची नोटीस, तो जितके महिने राहिला त्यांचे २८ प्रमाणे कापून बाकी १५ दिवसांत परत, सूट रद्द. असं लिहितो मी. समजा २७,५०० ने सहा महिन्यांचे १ लाख ६५ हजार भरले आणि तीन महिन्यांनी गेला. ८४ हजार कापायचे, ८१ हजार परत.

सुलभाताई: म्हणजे ते पैसे लगेच खर्चून टाकायचे नाहीत. मी तर बाथरूमच्या टाइल्स बदलणार होते त्यातून.

अरविंदकाका: अजिबात नको. वेगळे ठेवा आणि दर महिन्याला २७,५०० आपले समजा. १ लाख ६५ हजार हा आकडाही ठीकच आहे. एकूण सूट ३ हजारांची, व्याज अडीच हजारांच्या जवळ. कोणाचं फार नुकसान नाही.

वर्षावहिनी: मुलगा घर बघून गेलाय ना पण? माझ्या भावाला असाच एकाचा फोन आला होता. घर न बघताच आगाऊ पाठवतो म्हणाला, आणि क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितलं. पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?

सुलभाताई: नाही नाही, दोनदा येऊन गेला. आईलाही घेऊन आला होता. स्वतःचं डिझाइनचं काम करतो, पगाराची स्लिप नाही. म्हणून सगळीकडे नकार मिळतोय, असं सांगत होता.

नेहा: मग कळलं आगाऊ का देतोय. ताई, आधीच्या घरमालकाचा नंबर मागा, एक फोन करा.

सुलभाताई: केला फोन. गृहस्थ चांगलं बोलले, भाडं वेळेवर यायचं म्हणाले. मग मुलालाच थेट विचारलं, एजंट मध्ये नाही. २७,५०० ने सहा महिने आगाऊ, सातव्यापासून २८, डिपॉझिट ५६ हजार. तो म्हणतो एवढं एकदम जमणार नाही, त्याऐवजी तीन महिन्यांचं आगाऊ आणि ५६ डिपॉझिट चालेल का?

अरविंदकाका: उलट जास्त बरं. पण मग सूट नाही. तीन महिन्यांचं व्याज पाचशेच्या आत आहे.

सुलभाताई: सांगितलं. २८ ला हो म्हणाला. संतोष, शनिवारी संध्याकाळी ये, दोघांचे आधार आणि पॅन तयार ठेवते.

मिलिंद सेक्रेटरी: ताई, पोलीस पडताळणीची प्रत आणि नोंदवलेल्या कराराची प्रत ऑफिसात द्या, मगच सामान आत. आणि सामान रविवारी सकाळी आणायला सांगा, शनिवारी लिफ्टचं सर्व्हिसिंग आहे.