फॉर्म्युलेशन: बारा रकाने की तारखा?

पहिल्या वर्षाची रेसिडेंट: शुक्रवारी केस कॉन्फरन्सला पहिल्याच सायकोसिसची केस मांडायची आहे. मुलगा २१ वर्षांचा, डोंबिवलीचा, इंजिनीअरिंगला. दोन वर्षं शनिवार-रविवार गांजा. जूनमध्ये केटी लागल्यावर रोज गांजा, झोप जेमतेम तीन तास. जुलैअखेर दोन माणसं त्याच्याबद्दल बोलताना ऐकू येऊ लागली. ऑगस्टपासून सहा आठवडे गावी भगताकडे, तिथे गांजा बंद, आवाज मात्र चालूच. मामालाही 'वेडाचे झटके' यायचे. आई म्हणते, नाटकं करतो. जैविक-मानसिक-सामाजिक फॉर्म्युलेशनचे, म्हणजे या तीन बाजूंपैकी प्रत्येकीची आधीपासूनची, उफाळवणारी आणि टिकवणारी कारणं व जमेच्या बाजू, असे बारा रकाने कसे भरू?

मिलिंद: गांजा कारण, बाकी सगळं पूरक. परीक्षक रकानेच मोजतात, एकही रिकामा सोडू नकोस.

डॉ. सावंत: अर्धं पटलं. गांजा खरंच महत्त्वाचा, पण तारखा लावून बघा. तो बंद होऊन सहा आठवडे झाले, तरी आवाज आहेत. म्हणजे गांजा आणि झोपमोड हे आजार आत्ताच का उफाळला याचं उत्तर; तो अजून का टिकला याचं नाही. टिकवणारी कारणं वेगळी: औषधाविना गेलेला काळ आणि घरातली टोचणी. भगताकडचे आठवडे मात्र दोन्हीकडे लिहा. उपचार लांबले हे खरं, पण सहा आठवडे कुटुंबानं त्याला सोडलं नाही, ही त्याची जमेची बाजू. 'अंधश्रद्धा' लिहून मोकळं झालात तर नातेवाइकांसोबतचं काम तिथेच अडतं.

शलाका: पण निदान काय, स्किझोफ्रेनिया ना? तेच पहिलं लिहा.

डॉ. सावंत: ते निदानाच्या ओळीत येईल, इथे प्रश्न वेगळा आहे. मामाचंही निदान माहीत नाही, तेव्हा 'गंभीर मानसिक आजार, स्वरूप अज्ञात' एवढंच लिहा; तो मूडचा आजारही असू शकतो.

मिलिंद: मग मानसिक रकान्यात काय? 'संशयी स्वभाव' लिहू?

डॉ. सावंत: आजारी असताना दिसणारा संशय हा स्वभाव नव्हे. जूनआधी तो कसा होता, हे भावंडाला किंवा वर्गमित्राला विचारा. आईचं मत सध्या रागातून आलेलं आहे. कोणी भेटलं नाही तर रकाना रिकामा ठेवून 'माहिती अपुरी' लिहा. टिकवणाऱ्या प्रत्येक कारणासमोर एक कृती हवी. औषध लहान डोसनं सुरू करायचं, उदाहरणार्थ रिस्पेरिडोन रात्री १ मिग्रॅ, आणि त्याआधी वजन, कंबर, साखर, लिपिड. आईसोबत पहिली बैठक याच आठवड्यात. ज्या ओळीसमोर कृती सुचत नाही ती तोंडी बोलू नका, फळ्यावर राहू द्या.

मिलिंद: आणि एक्झामिनरनं बाराही विचारले तर?

डॉ. सावंत: विचारतील, ते काही माझ्या हातात नाही. तक्ता फळ्यावर असू द्या, बोलताना तारखांच्या क्रमानं जा. पाच मिनिटांत संपलं पाहिजे.

रेसिडेंट: आवाज थांबले नाहीत म्हणजे गांजाजन्य नाही, असं ठामपणे म्हणू?

डॉ. सावंत: नाही. गांजा सोडून महिना उलटला तरी आवाज राहिले तर आजार बहुधा गांजाजन्य नाही, हा निकष उपयोगी आहे, पण गांजा नक्की कधी बंद झाला हे फक्त नातेवाइकांचं सांगणं. लघवीची तपासणी आता निगेटिव्ह आली तरी तेव्हाचं सिद्ध होत नाही.

मिलिंद: मी तरी गांजाच वर ठेवेन.