दोन फेऱ्यांचा सरासरी वेग : बेरीज करून दोनाने भागले तर चुकते कुठे?

पायडल :
आमच्या गावाबाहेरच्या तलावाभोवती बरोबर ५ किलोमीटरचा रस्ता आहे. काल सायकलने त्याच्या दोन फेऱ्या मारल्या. पहिली ताशी २० किलोमीटर वेगाने झाली, दुसरी ताशी ३० ने. मधे थांबलो नाही. सरासरी २५ यायला हवी, परंतु सायकलवरचा मीटर २४ दाखवतो. मीटर बिघडला आहे, की माझा हिशेब?

भीमाकाठ :
मीटर ठणठणीत आहे. पहिल्या फेरीला १५ मिनिटे लागली आणि दुसरीला १०, म्हणजे १० किलोमीटर अंतर २५ मिनिटांत कापले गेले, आणि त्याचा ताशी वेग २४ येतो. दोन वेगांची बेरीज करून दोनाने भागतो तेव्हा दोन्ही वेगांनी सारखाच वेळ सायकल चालवली, असे आपण न बोलता गृहीत धरलेले असते. तुमच्या बाबतीत सारखे होते ते अंतर. वेळ सारखा नव्हता. २५ मिनिटांपैकी १५ मिनिटे तुम्ही ताशी २० ने जात होतात, त्यामुळे सरासरी त्या बाजूला झुकणारच.

हरात्मक मध्य हीच गोष्ट फेरीची लांबी माहीत नसतानाही करून देतो. ताशी २० म्हणजे एका किलोमीटरला तासाचा विसावा भाग, ताशी ३० म्हणजे तिसावा भाग. या दोन भागांची सरासरी काढली की तासाचा चोविसावा भाग मिळतो, आणि तो उलटा केला की २४. रस्ता ५ किलोमीटरचा असो की ५०० मीटरचा, दोन्ही फेऱ्या सारख्या लांबीच्या असतील तर उत्तर बदलत नाही.

आडमुठा :
एवढ्या साध्या गोष्टीला इतके भारदस्त नाव कशासाठी, हे मला कधीच पटलेले नाही. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, हा एकच नियम पाचवीतल्या मुलालाही कळतो आणि तो कधीही चुकत नाही. तुम्ही स्वतःही आधी १५ आणि १० मिनिटेच मांडली. हरात्मक मध्य नंतर सजावटीसारखा आला. शिवाय वेग एकमेकांच्या जवळ असले की साध्या सरासरीने काही बिघडत नाही. २९ आणि ३० ची सरासरी कशीही काढा, फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

भीमाकाठ :
आपल्या शेवटच्या विधानात तथ्य आहे, मात्र 'काही बिघडत नाही' असे म्हणण्याआधी फरक किती, हे पाहून घ्यावे. दोन वेगांतल्या तफावतीचा अर्धा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्याला साध्या सरासरीने भागायचे; साधी सरासरी बरोबर तितकीच जास्त असते. २० आणि ३० मधल्या तफावतीचा अर्धा भाग ५, त्याचा वर्ग २५, भागिले २५, म्हणजे १. म्हणूनच मीटरने २५ ऐवजी २४ दाखवले. आपल्या २९ आणि ३० साठी हाच फरक ०.०१ हूनही कमी येतो. परंतु तफावत दुप्पट झाली की चूक चौपट होते, हे विसरून चालत नाही.

सारख्या अंतराच्या दोन धावा आणि त्यांची सरासरी यांवर एका मोठ्या विक्रमाचा निकाल लागला होता, तो हिशेब मी अनेकदा करून पाहिला आहे. ३ सप्टेंबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर, माल्कम कॅम्पबेल यांनी ब्लूबर्ड ही मोटार ताशी ३०० मैलांच्या वर नेण्याचा प्रयत्न केला. वाऱ्याचा आणि चढउताराचा फायदा एकाच दिशेला मिळू नये म्हणून मोजलेला मैल दोन्ही दिशांनी कापावा लागतो. एका धावेचा वेग ताशी ३०४.३११ मैल भरला. सुरुवातीला दोन्ही धावांची सरासरी २९९.८७५ म्हणून जाहीर झाली, म्हणजे तीनशेला थोडक्यात हुकली, आणि नंतर चूक सापडून ती ३०१.१२९ अशी दुरुस्त करण्यात आली. दुसऱ्या धावेचा दुरुस्त वेग होता २९८.०१३.

आता ३०४.३११ आणि २९८.०१३ यांची साधी सरासरी काढली तर ३०१.१६२ येते, जाहीर झालेला आकडा येत नाही. हरात्मक मध्य काढला की ३०१.१२९ मिळतो. हेच वेग सेकंदांत मांडले तर ११.८३ आणि १२.०८ येतात, त्यांची सरासरी ११.९५५, आणि ३६०० ला तिने भागले की पुन्हा ३०१.१२९. आधीचा २९९.८७५ हा आकडा उलटा सोडवून पाहिला, तर दुसऱ्या धावेचे १२.०८ ऐवजी १२.१८ सेकंद धरले गेले असावेत, असे दिसते. सेकंदाच्या दहाव्या भागाने तीनशेचा टप्पा गेला होता आणि परत मिळाला.

आडमुठा :
उदाहरण सुरेख आहे, परंतु ते माझ्याच बाजूचे आहे. घड्याळ लावणाऱ्यांनी सेकंद मोजले आणि सेकंदांचीच सरासरी काढली. हरात्मक मध्य तेथे कोणी काढला?

भीमाकाठ :
नावाने कोणी काढला नसेल, पण वेळांची सरासरी काढून ती वेगात उलटवणे म्हणजेच तो काढणे. ज्याच्या हाती घड्याळ आहे त्याला सूत्राची गरज नाही, हे मान्य. माझ्यासारख्या वाचकाच्या हाती मात्र फक्त छापलेले दोन वेग येतात, आणि त्याने बेरीज करून दोनाने भागले तर जाहीर विक्रमच चुकीचा आहे, अशी त्याची समजूत होते.

रानवारा :
मला एवढे समजले की वेगांची सरासरी म्हटली की नेहमी हरात्मक मध्य घ्यायचा. परवा महामार्गावर अर्धा तास ताशी ४० ने आणि नंतरचा अर्धा तास ताशी ६० ने गाडी चालवली, म्हणजे माझी सरासरी ४८ झाली, बरोबर ना?

खडूफळा :
नाही, ५० झाली. अर्ध्या तासात २० किलोमीटर आणि पुढच्या अर्ध्या तासात ३०, म्हणजे तासाभरात ५०. येथे सारखा होता तो वेळ, त्यामुळे शाळेतली साधी सरासरीच बरोबर ठरते. 'वेग' हा शब्द दिसला की हरात्मक, हा पाठ घोटलेली मुले मी वर्गात दरवर्षी पाहतो, आणि त्यांची चूक पायडल यांच्या चुकीइतकीच मोठी असते, फक्त उलट्या दिशेने. आधी विचारावे की सारखे काय आहे, अंतर की वेळ; आणि दोहोंपैकी काहीच सारखे नसेल तर दोन्ही सूत्रे बाजूला ठेवावीत.

काटेकोर :
सगळेच चुकत आहात. फेरी पूर्ण करून सायकलस्वार निघाला त्याच जागी परत आला, म्हणजे त्याचे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. तुम्ही ज्याविषयी बोलत आहात ती चाल आहे. विज्ञानाच्या पुस्तकात दोन्ही शब्द वेगळे दिलेले आहेत.

खडूफळा :
शब्दांपुरते आपले म्हणणे योग्य आहे आणि परीक्षेत मीही तसेच लिहून घेईन. परंतु सायकलच्या मीटरला विस्थापन कळत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो, आणि २४ की २५ हा प्रश्न त्याच्या आकड्याविषयीच आहे. 'चाल' शब्द घातला तरी तो तसाच उरतो.

पहाटपाऊल :
मी धावपटू आहे आणि माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. काल पहिला किलोमीटर ५ मिनिटांत धावले, दुसरा ६ मिनिटांत, आणि मनगटावरच्या घड्याळाने सरासरी साडेपाच मिनिटे दाखवली. ही सरळसरळ साधी सरासरी आहे. मग सायकलचा मीटर एक नियम पाळतो आणि धावण्याचे घड्याळ दुसरा, असे कसे?

भीमाकाठ :
दोघेही एकच नियम पाळतात. आपण वेग सांगत नाही, एका किलोमीटरला लागलेली मिनिटे सांगता, म्हणजे वेग आधीच उलटवलेला आहे. तुमचे दोन किलोमीटर ताशी १२ आणि ताशी १० या वेगांचे झाले. त्यांची साधी सरासरी ११, हरात्मक मध्य सुमारे १०.९१, आणि किलोमीटरला साडेपाच मिनिटे म्हणजेच ताशी सुमारे १०.९१. धावपटूंनी मिनिटांची भाषा धरली, त्यामुळे ही चूक त्यांच्या वाटेला येतच नाही, असे मला वाटते. फक्त फेऱ्या सारख्या लांबीच्या हव्यात. ४०० मीटरच्या मैदानात आतल्या लेनची एक फेरी ४०० मीटरची असली तरी आठव्या लेनची सुमारे ४५३ मीटर भरते. एक फेरी आत आणि एक बाहेर धावलात, तर दोन वेगांचा सरळ हरात्मक मध्यही चुकेल.

आडमुठा :
म्हणजे लेन बदलली की तुमचे सूत्र बाद, आणि माझे 'अंतर भागिले वेळ' तसेच्या तसे चालू.

भीमाकाठ :
लांबीनुसार वजन दिले तर तेही चालते, पण तेवढी आकडेमोड करण्यापेक्षा तुमचीच पद्धत सोपी, हे कबूल करतो. तरीही सूत्रातून एक गोष्ट चटकन दिसते, जी मिनिटे मांडत बसल्यावर दिसायला वेळ लागतो. सारख्या लांबीच्या दोन फेऱ्यांची सरासरी संथ फेरीच्या दुपटीपर्यंत कधीच पोहोचत नाही, दुसरी फेरी कितीही वेगाने मारली तरी.

पायडल :
हे मला पटत नाही. पहिली फेरी २० ने झाली, तर दुसरी ६० ने मारून सरासरी ४० का येणार नाही? माझ्याने ६० होणार नाही, हे वेगळे.

खडूफळा :
सरासरी ४० हवी असेल तर दोन फेऱ्यांचे १० किलोमीटर १५ मिनिटांत संपायला हवेत. ती १५ मिनिटे तुम्ही पहिल्याच फेरीत खर्च करून बसला आहात. दुसऱ्या फेरीसाठी उरले शून्य मिनिट. ६० ने मारली तर ती ५ मिनिटांत होईल आणि सरासरी ३० येईल.

पायडल :
पटले. आज तिसरी फेरी ४० ने मारली, वारा पाठीशी होता आणि एका मालमोटारीची आडही मिळाली. कालचे २४ आणि आजचे ४० यांचा हरात्मक मध्य काढला, तो ३० येतो. तिन्ही फेऱ्या मिळून सरासरी ३० झाली म्हणायची का?

खडूफळा :
नाही. २४ हा आकडा दोन फेऱ्यांचा आहे आणि ४० एकीचा, आणि तुम्ही दोन्हींना सारखेच तोलले. तिन्ही वेग एकदम उलटवा, त्यांची बेरीज तिनाने भागा आणि मग परत उलटवा. उत्तर सुमारे २७.७ येईल.

आडमुठा :
१५, १० आणि साडेसात. साडेबत्तीस मिनिटांत १५ किलोमीटर. मलाही २७.७ च आले, आणि काहीच उलटवावे लागले नाही.

भीमाकाठ :
साडेसात मिनिटे आपल्याला कशी मिळाली? ४० वरूनच ना? तेच उलटवणे झाले.