मदत हवी आहे: आगीची गाडी बोलावताना फोनवर नेमकं काय सांगायचं?

वावरवाला_यवतमाळ
कोणाले माहीत असेल त्याने लवकर सांगा. मागच्या आठवड्यात काकाच्या वावरात कुटाराच्या गंजीले आग लागली. मी फोन केला, वडगावले आग लागली म्हणून सांगितलं. पाऊण तास गाडी आलीच नाही. गंजी पूर्ण गेली, बाजूचा गोठा अर्धा गेला, एक गोऱ्हा होरपळला. आता तुरीची गंजी रचून ठेवली आहे आणि घरात छतापर्यंत कापूस आहे. फोनवर काय बोलायचं असते ते सांगा. "घाबरू नका, शांत राहा" असं कोणी लिहू नका, ते मले समजते.

पांदण_रस्ता
कोणतं वडगाव? तालुका कोणता? नंबर कोणता लावला होता? रात्र होती का दिवस?

वावरवाला_यवतमाळ
यवतमाळ जिल्हा, नावातच आहे ना भाऊ. १०१ लावला. त्याहीनं उचलला. रात्रीचे साडेआठ झाले होते. तालुका इथं लिहीत नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही मले.

जुना_फायरमन
दादा, मी नगर परिषदेच्या अग्निशमन विभागात सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीच फोनच्या टेबलावर. आधी तीन गोष्टी सांगा. तुम्ही किती वेळ बोलले? फोन ठेवल्यावर त्यांचा परत फोन आला होता का? आणि गाडी शेवटी गेली कुठं?

वावरवाला_यवतमाळ
अर्धा मिनिट बोललो असेन. "वडगावले आग लागली, लवकर या" म्हटलं आणि ठेवला, कारण गोठ्यातली ढोरं सोडायची होती. मग चुलत्याले, सरपंचाले, लाईनमनले फोन लावत होतो. नंतर पाहिलं तर एका अनोळखी लँडलाईनचे दोन मिस्ड कॉल होते. गाडी दुसऱ्याच वडगावात गेली होती, आमच्यापासून वीसेक किलोमीटर. तिथं चौकात उभी राहून विचारत होते की आग कुठं आहे.

जुना_फायरमन
तेच झालं असेल असं वाटत होतं. ते दोन मिस्ड कॉल अग्निशमन केंद्राचेच होते. गाडी निघाली आणि टेबलावरच्या माणसाला शंका आली, म्हणून त्याने परत लावला, तर तुमचा फोन बिझी.

आमच्या टेबलावर "वडगाव" म्हटलं की पहिला प्रश्न असायचा, कोणतं. एकेका जिल्ह्यात त्याच नावाची चार-चार गावं असतात, खुर्द वेगळं, बुद्रुक वेगळं. शिवाय जिल्ह्याच्या सीमेवर असाल तर मोबाईल शेजारच्या जिल्ह्याचा टॉवर धरतो आणि १०१ भलत्याच ठिकाणी वाजतो. म्हणून आगीचं बोलायच्या आधी जागा बोला. जिल्हा, तालुका, गाव, गावाजवळचं मोठं ठिकाण, मग फाटा. फोन मधेच कटला तरी एवढ्यावर गाडी योग्य दिशेला निघते. "आग लागली हो, लवकर या" यावर गाडी निघत नाही.

दुसरं, डावा-उजवा हात सांगताना कुठून येताना ते सांगा. "रस्त्याच्या डाव्या हाताला" म्हणजे ड्रायव्हरसाठी काहीच नाही. "दारव्ह्याकडून येताना डाव्या हाताला" म्हटलं की गाडी वळते. आणि पाटलाच्या वावराजवळ, मोठ्या चिंचेपाशी, असं सांगू नका, चिंच आम्हाला दिसत नाही. जिल्हा परिषद शाळा, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप, पुलिया, किलोमीटरचा दगड, हे सांगा. रात्री दगडही दिसत नाही, म्हणून फाट्यावर एक पोरगा मोटरसायकलचे इंडिकेटर चालू ठेवून उभा करा.

विदर्भकन्या
आमच्या घरी १०८ लावला होता तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, लाईन सोडू नका. म्हणून गाडी दिसेपर्यंत फोन चालूच ठेवायचा. वावरवालेभाऊंनी ठेवला तिथंच चूक झाली.

जुना_फायरमन
ताई, अर्धं बरोबर आहे. समोरच्याने "ठेवा" म्हणेपर्यंत ठेवायचा नाही, हे खरं. पण तो ठेवा म्हणाला की ठेवायचा, आणि मग त्या फोनवरून कोणालाच लावायचा नाही. ड्रायव्हर त्याच नंबरवर फोन करतो. दोन तास लाईन धरून बसलात तर तो रस्ता विचारणार कोणाला? सरपंच, लाईनमन, नातेवाईक यांना दुसऱ्याने दुसऱ्या फोनवरून सांगायचं. आणि चार जणांनी मिळून १०१ लावू नका. चौघं चार जागा सांगतात.

विदर्भकन्या
पण जवळ दुसरा फोन नसला तर? वावरात एकटा माणूस असला तर ढोरं सोडेल का फोन धरेल?

जुना_फायरमन
एकटा असेल तर स्पीकरवर टाका आणि खिशात ठेवा. जागा सांगून झाली की पुढचं बोलता बोलता दावं कापता येतं. पण आगीच्या आत जाऊन नाही. हा प्रश्न अवघड आहे, मी टेबलावरून कोणाला "ढोरं सोडू नका" म्हणू शकलो नाही कधी.

डिजिटल_शेतकरी
१०१ बंद झाला आहे, आता सगळं ११२. राज्यभर सुरू आहे. १०१ लावायचाच नाही.

जुना_फायरमन
१०१ बंद नाही. चुकीचं सांगू नका, इथं वाचून कोणी तसंच करेल.

डिजिटल_शेतकरी
ठीक, बंद नसेल. पण ११२ ला लोकेशन मिळतं म्हणतात, १०१ ला कोण देतं?

पांदण_रस्ता
११२ मी एकदा लावला होता, अपघाताचा. तो फोन मोठ्या शहरातल्या केंद्रात उचलतात, तिथून जिल्ह्याकडे पाठवतात. बोलणाऱ्या मुलीला आमचा तालुका माहीत नव्हता. म्हणून तिथं तर जिल्हा-तालुका आधी बोलणं आणखी गरजेचं आहे. लोकेशन मिळतं म्हणून गप्प बसू नका. आमच्या पट्ट्यात टॉवर एक, आणि वावर त्याच्यापासून चार-पाच किलोमीटर.

डिजिटल_शेतकरी
मग नकाशातले आकडे वाचून दाखवा ना. गुगल मॅप्स उघडायचं, निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरायचं, दोन आकडे येतात. यवतमाळकडे पहिला बहुतेक २० ने सुरू होतो, दुसरा ७८ किंवा ७७ ने. ते आधीच लिहून ठेवायचे.

जुना_फायरमन
चांगली गोष्ट आहे, लिहून ठेवा. पण चालत्या गाडीतला ड्रायव्हर आकडे टाकत बसत नाही. त्याला फाटाच लागतो. आकडे टेबलावरच्या माणसाच्या कामाचे, फाटा ड्रायव्हरच्या.

डिजिटल_शेतकरी
मी तरी आकडेच आधी सांगेन.

कापूसपट्टा
माझाही प्रश्न याच विषयावर आहे. गंजी जळाली तर तलाठ्याचा पंचनामा किती दिवसांत व्हायला पाहिजे? अर्ज कुठं द्यायचा? आमचं कोणी ऐकत नाही.

पांदण_रस्ता
भाऊ, वेगळा धागा काढा, इथं फोनचं चाललं आहे.

फवारणी_गुरुजी
सगळे फोनवर अडकले. ट्रॅक्टरला फवारणीचा पंप असतो, पाचशे लिटरची टाकी भरून ठेवा, गाडी येईपर्यंत तुमच्या हाती ते आहे. फोन दुसऱ्याला करू द्या.

जुना_फायरमन
गुरुजी, पंप ठेवा, माझी ना नाही. बाजूची गंजी ओली करायला तो उपयोगी पडेल. पेटलेल्या कुटारात मात्र तो कमी पडेल, वरून विझलं तरी आत धगधगत राहतं. आणि पाचशे लिटर तर दूरच, आमच्या गाडीत पाच हजार लिटर असायचं, आणि जोरात मारलं तर पाच-सहा मिनिटांत संपायचं. म्हणून फोनवर हे विचारलं जातं आणि लोक चिडतात: जवळ पाणी कुठं आहे? "विहीर आहे" एवढं म्हणू नका. विहिरीतलं पाणी वीस-पंचवीस फुटांच्या खाली असेल तर आमचा पंप ते ओढत नाही. शेततळं असेल, टँकर असेल, नदीचा डोह असेल तर ते सांगा. विहिरीवर मोटर असेल तर तेही सांगा. पण आगीसाठी विजेची लाईन बंद केली की तुमची मोटरही बंद पडते, हे ध्यानात असू द्या.

वावरवाला_यवतमाळ
ठीक. म्हणजे मी असं बोलायचं का? "यवतमाळ जिल्हा, तालुका अमुक, वडगाव, खुर्द-बुद्रुक नाही, नुसतं वडगाव. तालुक्याहून येताना पाण्याच्या टाकीनंतर उजव्या हाताले फाटा. फाट्यावर पोरगा उभा आहे. तुरीची गंजी पेटली, बाजूले गोठा. माझा नंबर हा." बरोबर आहे?

जुना_फायरमन
चांगलं आहे. "नुसतं वडगाव" फोनवर नीट ऐकू येत नाही, गंजीच्या आवाजात तर नाहीच. शेजारच्या गावाचं नाव जोडा, "अमुकच्या बाजूचं वडगाव". तीन गोष्टी अजून घाला. कोणी आत अडकलं आहे का. वरून वीजतार गेली आहे का, तुटून पडली आहे का. तुटली असेल तर हे जागेनंतर पहिलं सांगा, कारण चालू तारेवर पाणी मारता येत नाही. आणि रस्ता कसा. डांबरी रस्त्यापासून गंजी किती लांब, काळी माती ओली आहे का, पुलिया मजबूत आहे का. पाच हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच पाच टन. ओल्या काळ्या मातीत आमची गाडी एकदा अशी फसली की बाहेर काढायला दोन ट्रॅक्टर लागले, तोवर आग शेजारच्या वावरात गेली होती. रस्ता कच्चा आहे हे आधी कळलं असतं तर गाडी डांबरावरच थांबवून होज टाकला असता. आमच्याकडे पंधरा-पंधरा मीटरचे तुकडे होते, ते एकाला एक जोडत न्यायचे. शंभर मीटर असेल तर जमतं, अर्धा किलोमीटर असेल तर नाही.

वावरवाला_यवतमाळ
आमची गंजी डांबरापासून दोनशे मीटर. तूर आहे तिथं जमीन कोरडी आहे, पण नाल्याजवळ जड गाडी जाईल का नाही माहीत नाही. पुलियावरून ट्रॅक्टर-ट्रॉली जाते भरलेली, पण पाच टन पाणी आणि वरून गाडीचं वजन?

जुना_फायरमन
ते इथं बसून मी सांगू शकत नाही. १०१ लावून तपासू नका, खऱ्या आगीची लाईन अडते. तालुक्याला जाल तेव्हा नगर परिषदेच्या अग्निशमन केंद्रात जा, तिथला लँडलाईन नंबर लिहून आणा आणि ड्रायव्हरला पुलिया सांगा. ज्याला ती वाट माहीत, त्याला रात्री विचारावं लागत नाही.

वावरवाला_यवतमाळ
उद्या बाजाराला जातोच आहे. जाऊन येतो आणि लिहितो. गंजी डांबराच्या जवळ आणता येते का तेही पाहतो, बायको म्हणते माणसं मिळत नाहीत.

कापूसपट्टा
पंचनाम्याचं कोणी सांगेल का?