कायरनची रास की स्थान?

"कायरन मेषेत म्हणजे 'मी'पणाची जखम, मग माझ्या वर्गातल्या सगळ्यांनाच ती कशी?" कारण कायरन हा शनी-युरेनसच्या दरम्यान फिरणारा, जखमेचा कारक मानला जाणारा छोटा पिंड, आणि त्याची रास पिढीची असते. सेरेस, पॅलस, जुनो, व्हेस्टा हे लघुग्रह साडेतीन ते पावणेपाच वर्षांत फेरी मारतात. त्यांची रास वर्गमित्रांतही बदलते, त्यामुळे पोषण (सेरेस), डावपेच (पॅलस), जोडीदाराशी बांधिलकी (जुनो) आणि एकाग्र निष्ठा (व्हेस्टा) हे अर्थ राशीवरून लावले तर चालतं. कायरनची फेरी सुमारे ५० वर्षांची, आणि कक्षा इतकी लांबट की मेषेत तो आठेक वर्षं रेंगाळतो, तर तुळेत दोन वर्षंही टिकत नाही. म्हणून त्याचं स्थान, म्हणजे पत्रिकेतलं घर, आणि चंद्र, रवी किंवा लग्नाशी २-३ अंशांच्या आतले योग आधी बघा. सप्तमात असेल तर दुखणं नात्यांत आणि दुसऱ्याला सावरण्याची हातोटीही तिथेच, असं मानतात.

'कायरनचा पहिला केंद्रयोग, म्हणजे जन्माच्या जागेपासून ९० अंश, बाराव्या वर्षी' ही सरासरी मात्र घात करते. १९७० चा जन्म असेल तर मेषेतल्या कायरनला कर्केतल्या त्याच अंशावर पोचायला १९८८-८९ उजाडतं, वय एकोणीसच्या आसपास. १९९६ च्या तुळेतल्या कायरनला तोच योग सहा-सात वर्षांचा असतानाच होतो. पन्नाशीतलं पुनरागमन तेवढं सगळ्यांना साधारण एकाच वयात येतं. आणि हो, या सगळ्या राशी सायन, म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या. निरयन पत्रिकेत कायरन टाकून हे अर्थ लावू नका, सुमारे २४ अंशांचा फरक पडतो.