उत्तर: घोंगडीचं लॅपटॉप कव्हर

"घोंगडी कापून लॅपटॉपचं कव्हर शिवलं तर टिकेल का? पोरं वापरतील?"

टिकेल, पण थेट कात्री लावू नका. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ असते, म्हणून नवी घोंगडी कडक लागते. पाण्यात खळ सुटते आणि लोकर आटते. शिवल्यावर धुतलंत तर लॅपटॉप आत जायचाच नाही. आधी थंड पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, मग मापं घ्या. कापलेली कड लगेच पट्टी लावून शिवा, नाहीतर धागे सुटतात. आतून सुती अस्तर हवंच; दख्खनी मेंढीची लोकर भरड, तिचे केस पोर्टमध्ये अडकतात. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत काळी घोंगडी घेणार असाल तर ओला पांढरा रुमाल घासून बघा. मूळ काळ्या लोकरीचा रंग लागत नाही.