एकाच स्क्रीनशॉटवरून तीन ॲव्हरेज: तुम्ही तुमच्या गाडीचं कसं काढता? (अनुभव धागा)

माजिवडा_ठाणे (धागाकर्ती):

पेट्रोल भरलं की मी लगेच मोबाईलमध्ये नोंद करते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा त्या नोंदींचा स्क्रीनशॉट टाकला आणि एकाच चित्रावरून तीन वेगळी ॲव्हरेज निघाली. नोंदी अशा आहेत. ॲपमध्ये ताजी नोंद सगळ्यात वर येते. तारीख, ओडोमीटर, लिटर आणि टाकी फुल केली की नाही, असा क्रम आहे.

16 फेब्रु. | 25,660 | 25.00 | फुल
5 फेब्रु. | 25,230 | 22.40 | फुल
29 जाने. | 24,958 | 9.60 | ₹1000 चं, फुल नाही
21 जाने. | 24,742 | 27.00 | फुल
12 जाने. | 24,310 | 31.40 | फुल

भावाने 1,350 किलोमीटरला सगळ्या लिटरच्या बेरजेने, म्हणजे 115.40 ने भागलं. उत्तर आलं 11.70. "गाडी मेकॅनिकला दाखव," म्हणाला. मुलगा प्रत्येक ओळ वेगळी भागत गेला. त्याला 29 जानेवारीला 22.5 मिळालं आणि 5 फेब्रुवारीला 12.14. ॲप मात्र 16.07 दाखवतं. यातलं खरं कुठलं, आणि तुम्ही तुमच्या नोंदींवरून ॲव्हरेज कसं काढता, ते सविस्तर लिहा. चारचाकी, स्कूटर, टेम्पो, सगळे अनुभव हवे आहेत.

तुर्भे_वाहतूक:

ताई, ॲप बरोबर आहे. मी बरीच वर्षं एपीएमसीच्या बाजूला टेम्पोंच्या डिझेलचा हिशोब ठेवला, त्यावरून सांगतो.

12 जानेवारीचे 31.40 लिटर या हिशोबात येतच नाहीत. ते 24,310 च्या आधीच्या प्रवासात जळलेल्या पेट्रोलची भरपाई आहेत. त्या दिवशी टाकी काठापर्यंत आली, एवढाच त्या नोंदीचा उपयोग. पुढे 21 तारखेला टाकी पुन्हा काठापर्यंत आणायला 27 लिटर लागले, म्हणजे मधल्या 432 किलोमीटरमध्ये 27 लिटर जळले. 432 ÷ 27 = 16. किलोमीटर मोजायचे मागच्या फुलपासून, लिटर घ्यायचे आत्ताच्या फुलचे. भावाने पहिल्या नोंदीचे लिटरही धरले, म्हणून 11.70 आलं.

आता 29 जानेवारी. त्या दिवशी टाकी भरली नाही, त्यामुळे आधीच्या 216 किलोमीटरमध्ये किती जळलं ते कोणालाच माहीत नाही. 16 च्या हिशोबाने साडेतेरा लिटर जळले असणार, टाकले 9.60. राहिलेले चारेक लिटर 5 तारखेच्या 22.40 मध्ये भरून निघाले. म्हणून मुलाचं 22.5 खोटं आणि 12.14 पण खोटं. ती ओळ एकटी भागायचीच नाही, तिचे लिटर पुढच्या फुलमध्ये मिळवायचे. 25,230 − 24,742 = 488 किलोमीटर, लिटर 9.60 + 22.40 = 32. म्हणजे 15.25. त्यापुढचा टप्पा 430 ÷ 25 = 17.2.

सगळं मिळून 1,350 ÷ 84 = 16.07.

कळवा_नाका:

इतकं कशाला करायचं? 16, 15.25 आणि 17.2 यांची बेरीज करा, तिनाने भागा. 16.15 येतं. जवळपास तेच. मी माझ्या स्कूटरचं कायम असंच काढतो.

तुर्भे_वाहतूक:

दादा, इथे जवळ आलं कारण तिन्ही टप्पे साधारण सारख्या लांबीचे आहेत. स्कूटरवर फरक दिसेल. समजा एकदा 2 लिटरमध्ये 100 किलोमीटर गेलात, तेव्हा ॲव्हरेज 50. पुढे 5 लिटरमध्ये 200, तेव्हा 40. तुमच्या पद्धतीने 45 येईल. प्रत्यक्षात 300 किलोमीटरला 7 लिटर गेले, म्हणजे 42.86. छोट्या टप्प्यालाही मोठ्याइतकाच मान मिळतो, तिथे हिशोब चुकतो. एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागलं की ही अडचण येत नाही.

खारघर_सीएनजी:

माझी गाडी सीएनजीवर आहे आणि ॲपमध्ये लिटरचाच रकाना आहे. किलो तिथेच लिहितो. 8 किलो भरले, 200 किलोमीटर गेलो, म्हणजे लिटरला 25 धरायचं का? पेट्रोलवाल्यांपेक्षा खूपच चांगलं म्हणायचं.

ऐरोलीकरीण:

@खारघर_सीएनजी, ते किलोला 25 झालं, लिटरला नाही. दोन्हींची आकड्याला आकडा लावून तुलना करता येत नाही. रुपयाला किती किलोमीटर, अशी केली तर चालेल. शिवाय तुमची गाडी सुरू होताना थोडं पेट्रोल पीत असेल, आणि ओडोमीटर दोन्ही इंधनांचा एकच. पेट्रोलवर नेमके किती किलोमीटर गेले हे या नोंदींवरून निघणार नाही.

आता माझा अनुभव. आमच्याकडे नोंदी सासरे वहीत ठेवतात आणि महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो पाठवतात. व्हॉट्सॲपवर फोटो आला की अक्षर धूसर होतं, 8 आणि 3 ओळखू येत नाहीत. एकदा स्कूटरच्या एका टप्प्याचं ॲव्हरेज 49 आलं, एरवी 44 च्या आसपास असतं. लिटरच्या जागी 4.30 वाचलं जात होतं. शेजारी रुपये 500 आणि भाव 104.17 लिहिलेला होता. 4.30 लिटरचे 448 रुपये होतात, 500 नाही. 500 ÷ 104.17 केलं की 4.80 येतात. 211 किलोमीटरला 4.80 ने भागलं, 44 बसलं. तेव्हापासून कुठलाही स्क्रीनशॉट आला की आधी लिटर × भाव = रुपये जुळतंय का ते बघते, मगच ॲव्हरेजला हात लावते. ओडोमीटरचा आकडा मागच्या नोंदीपेक्षा मोठा आहे ना, तेही त्याच वेळी बघून घेते.

जुन्या स्कूटरवाल्यांसाठी एक गोष्ट. मीटरचा शेवटचा आकडा वेगळ्या रंगाचा असेल तर तो किलोमीटरचा दहावा भाग असतो. तो धरून लिहिलं तर ॲव्हरेज थेट दहापट येतं, आणि एका नोंदीत धरला, दुसरीत नाही, तर वजाबाकीचं काही खरंच राहत नाही.

उलवे_टॅक्सी:

माझ्या ड्रायव्हरच्या नोंदींमध्ये एका टप्प्याला 26 आलं होतं. गाडी 18 च्या वर कधी जात नाही. विचारलं तेव्हा कळलं, पुण्याच्या भाड्यात लोणावळ्याजवळ पेट्रोल भरलं आणि नोंद केलीच नाही. पावतीही गेली. अंदाजाने लिटर घालायचा मोह होतो, पण मी तो पूर्ण टप्पाच काढून टाकला, मागच्या फुलपासून पुढच्या फुलपर्यंत, किलोमीटर आणि लिटर दोन्ही. नुसते किलोमीटर ठेवले तर सगळ्या महिन्याचं ॲव्हरेज फुगतं. ॲव्हरेज अचानक फार चांगलं आलं तर मी खूश होत नाही, आधी राहिलेली नोंद शोधतो.

कोपरी_बाईक:

माझ्या जुन्या बाईकला पेट्रोलचा कॉक आहे. रिझर्व्हला लागली की मीटर लिहितो, मोजून 5 लिटर टाकतो, पुन्हा रिझर्व्हला लागली की मीटर लिहितो. टाकी फुल करायची गरजच नाही. चारचाकीलाही हेच करा.

तुर्भे_वाहतूक:

कॉकवाल्या बाईकला तुमची पद्धत चांगली आहे, कारण रिझर्व्ह दर वेळी त्याच पातळीला लागतो. चारचाकीचा इंधनाचा दिवा मात्र चढ-उतारावर लवकर-उशिरा लागू शकतो. गायमुखच्या चढावर पेटला आणि पुढच्या वेळी पाम बीचच्या सपाट रस्त्यावर पेटला, तर त्या दोन पातळ्या एक नाहीत.

माजिवडा_ठाणे:

काका, तुमच्या हिशोबात मधला टप्पा 15.25 आणि शेवटचा 17.2 आहे. त्या आठवड्यात घोडबंदर रोडला रोज कोंडी होती. म्हणून 15.25 धरायचं का?

तुर्भे_वाहतूक:

कोंडीने ॲव्हरेज पडतं, खरं आहे. पण एक करून बघा. तुमच्या एकूण 16.07 च्या हिशोबाने 488 किलोमीटरला सुमारे 30.4 लिटर लागायला हवे होते, लागले 32. म्हणजे 1.6 जास्त. पुढच्या 430 ला सुमारे 26.8 लागायला हवे होते, लागले 25. म्हणजे जवळपास 1.8 कमी. आधीच्या टप्प्यात जेवढं जास्त, पुढच्यात जवळजवळ तेवढंच कमी. अशी जोडी दिसली की मी मधल्या भरण्याकडे बघतो. 5 फेब्रुवारीला टाकी नेहमीपेक्षा दीड-पावणेदोन लिटर जास्त भरली गेली असावी. नोझल कट झाल्यावर पोराने पुन्हा दाबलं का? पंप तोच होता का?

माजिवडा_ठाणे:

पंप वेगळा होता. गायमुखच्या पुढे भरलं होतं. आणि हो, कट झाल्यावर त्याने दोन-तीनदा दाबलं, "फुल बोललात ना ताई" म्हणून.

तुर्भे_वाहतूक:

मग बराचसा भाग त्याचाच. ऑटोकट पंपागणिक थोडं पुढेमागे होतंच, गाडी तिरकी उभी असली तरी होतं. पाच लिटर भरलं आणि अर्ध्या लिटरचा फरक पडला तर ॲव्हरेज दहा टक्क्यांनी हलतं, तीस लिटरला तोच फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो. म्हणून एका टप्प्याच्या आकड्यावर भांडायचं नाही. एकूण 16.07 ला 5 तारखेच्या भरण्याने धक्का लागत नाही, तिथे फक्त पहिलं आणि शेवटचं फुल सारखं असलं की झालं. कट झाला की थांबायचं. वर दाबलेलं पेट्रोल टाकीतल्या वाफेच्या जागेत जातं, ते गाडीलाही बरं नाही.

कोंडीचा वाटा किती, ते मात्र या पाच ओळींवरून मला वेगळं काढता येत नाही.

नेरुळ_रोजचा_प्रवासी:

आणि ई-20 चं काय? माझं ॲव्हरेज 17 वरून 16 वर आलं, ते इथेनॉलमुळेच असणार. माझ्याकडे तीन वर्षांचे स्क्रीनशॉट आहेत.

ऐरोलीकरीण:

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे 10 टक्क्यांचं मिश्रण 20 वर गेलं तर तीन-साडेतीन टक्के फरक समजण्यासारखा आहे. 17 चं 16 म्हणजे सहा टक्के. उरलेलं एसीचं की टायरच्या हवेचं, की ठाणे-बेलापूर रोडच्या गर्दीचं? गेल्या आणि यंदाच्या त्याच महिन्यांचे टप्पे शेजारी ठेवून बघा.

नेरुळ_रोजचा_प्रवासी:

तसं करतो. पण यंदा ऑफिस बदललंय, रस्ता तोच नाही. तरी जानेवारी ते मार्चच्या दोन्ही वर्षांच्या नोंदी रविवारी इथे टाकतो. काका, तुम्हीही बघाल का?

तुर्भे_वाहतूक:

टाका. फुल आणि अर्धवटचा रकाना कापू नका, आणि सगळ्यात खालच्या ओळीच्या खालची एक फुल नोंदही चित्रात येऊ द्या.